तीन शायांत मेळघाट: फोटोवरून जुन्या धाटणीचं प्रवासी पोस्टर कसं करावं

मोबाईलमधला एखादा ‘व्हिंटेज’ फिल्टर लावला की फोटो पिवळट होतो, कडा काळवंडतात आणि वर थोडी खरखर येते. पण त्याने पोस्टर होत नाही, फोटोच जुनाट दिसायला लागतो. जुन्या प्रवासी पोस्टरांचं रूप पिवळेपणातून आलेलं नाही, ते छपाईतून आलं आहे. लिथोग्राफीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा पत्रा लागायचा, स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी जाळी. एक रंग वाढवला की कागद पुन्हा एकदा यंत्रावर चढवावा लागे आणि खर्च वाढे. त्यामुळे चित्रकार कामाला बसतानाच ठरवून टाकत की शाया एवढ्याच, आणि डोंगर, आभाळ, पाणी जे काही असेल ते त्यांतच बसवायचं. टॉम पर्व्हिसने इंग्लंडच्या एलएनईआर रेल्वेसाठी केलेली सपाट रंगांची पोस्टरं पाहा, किंवा 1938 ते 1941 दरम्यान अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी निघालेली स्क्रीन प्रिंटची पोस्टरं पाहा. सावलीसुद्धा सपाट रंगाच्या आकारानेच दाखवलेली दिसते.

म्हणून आपणही शाईपासूनच सुरुवात करू. फोटो आहे परतवाड्याच्या पुढे, चिखलदऱ्याचा घाट सुरू होण्याआधीच्या वावरांतला. डिसेंबरातली सकाळ आहे. समोर फुटलेली पऱ्हाटी, मध्ये एक धुरा आणि त्यावर एकटी बाभूळ, मागे सातपुड्याच्या एकापाठी एक तीन रांगा, धुक्याने फिकट होत गेलेल्या. मी सगळं जिंपमध्ये करून दाखवतो, कारण तो फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच देतो. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तरी लेअर, मास्क आणि मल्टिप्लाय या तीन गोष्टी असल्या की पद्धत तीच राहते.

आधी शाया, मग चित्र

कागद ही फुकटची शाई समजा. कोरा पांढरा नको, किंचित मळकट साय-रंग घ्या: `#F2E6CC`. त्यावर तीन शाया:

मोहरी-पिवळी `#F0B94E`, निळसर `#5F8FA0` आणि काळपट तपकिरी `#2B2326`.

हिरवा मुद्दामच घेतलेला नाही. पिवळीवर निळसर छापली की काळसर शेवाळी हिरवा आपोआप मिळतो, आणि आपल्याकडच्या डिसेंबरातल्या जंगलाला तोच शोभतो. पोपटी हिरवा घेतला असता तर कोकण दिसलं असतं. म्हणजे शाया तीन, पण दिसणारे रंग पाच: कागद, पिवळा, निळसर, शेवाळी, काळपट.

शाया निवडताना रंगापेक्षा त्यांचा उजेड-काळोख महत्त्वाचा. या पाच रंगांचे चौकोन एका रांगेत भरा, चित्राची एक प्रत घेऊन `Colors > Desaturate > Desaturate` करा आणि बघा. पाचही करडे वेगवेगळे ओळखू यायला हवेत. पिवळी आणि निळसर जवळजवळ सारखीच करडी दिसत असेल तर दूरच्या डोंगराची कड आभाळात विरघळून जाईल, रंग कितीही वेगळे असले तरी. अशा वेळी पिवळी उजळ करा. निळसर फार गडदही करू नका, नाहीतर ती आणि शेवाळी यांच्यात अंतर राहत नाही. वरचे तीन आकडे अशी अंतरं जपूनच निवडले आहेत. स्वतःच्या शाया घ्यायच्या असतील तर आधी ही करडी परीक्षा घ्या आणि मगच पुढे जा.

कागदाचा आकार आणि अक्षरांची जागा

ए-3 उभा कागद, 300 डीपीआय, म्हणजे 3508 × 4961 पिक्सेल. मोबाईलचा आडवा फोटो बहुतेक 4000 × 3000 असतो. तो 120 टक्के मोठा केला की 4800 × 3600 होतो. फोटो फक्त गिरवायला हवा आहे, त्यामुळे तो थोडा मऊ पडला तरी काही बिघडत नाही. रुंदीतून 3508 कापून घ्या, पण बाभूळ मधोमध येऊ देऊ नका, उजव्या तिसऱ्या हिश्शात ठेवा. आता फोटो कागदाच्या तळाशी लावला की वर जवळजवळ 1360 पिक्सेल रिकामे राहतात.

अक्षरांची जागा हीच. फोटोतलं आभाळ ताणायची गरज नाही, कारण आभाळ आपण सपाट शाईनेच भरणार आहोत, आणि सपाट रंग हवा तेवढा वर नेता येतो. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर, म्हणजे साधारण 177 पिक्सेल, कोरा कागद सोडा. अक्षरांची जागा आत्ताच, चित्र काढण्याआधी, चौकोन आखून राखून ठेवा. चित्र पूर्ण झाल्यावर जागा शोधायला गेलात तर नाव डोंगराच्या शेंड्यावर चढतं किंवा पऱ्हाटीत बुडतं, आणि मग त्याच्यामागे पांढरी पट्टी टाकायची वेळ येते. ती पट्टी आली की पोस्टरचं निवडणुकीचं फ्लेक्स होतं.

फोटोतून आकार कसे काढायचे

फोटोच्या लेअरची प्रत घ्या. आधी `Colors > Desaturate > Desaturate`, मग `Filters > Blur > Median Blur`, त्रिज्या 15 च्या आसपास. साध्या ब्लरने कडा पसरतात. मीडियन बारीक तपशील खातो पण कड जागेवर ठेवतो. त्यानंतर `Colors > Posterize`, पातळ्या 5. क्रम उलटा करू नका. जिंपमधलं पोस्टराइझ लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलवर वेगवेगळं चालतं, त्यामुळे रंगीत फोटोवर लावलं तर आभाळात गुलाबी आणि मोरपंखी चट्टे उमटतात.

इतकं करून बरेच जण थांबतात आणि त्या पाच करड्यांत रंग भरून मोकळे होतात. पोस्टर फसतं ते नेमकं इथेच. पोस्टराइझला फक्त उजेड कळतो, वस्तू कळत नाही. आपल्या फोटोत दूरची रांग धुक्यामुळे जवळजवळ आभाळाइतकीच फिकट आहे, तेव्हा ती आभाळात जाते. फुटलेली पऱ्हाटीही फिकट, म्हणून तीही आभाळाच्याच गटात जाते. आणि मधल्या रांगेच्या उतारावर उन्हाचे जे तुकडे पडलेत, त्यांच्या भोवती नकाशातल्या समोच्च रेषांसारखी वळवळ उमटते. ही वळवळ दिसली की समजावं, काम यंत्राने केलंय.

पोस्टराइझ केलेला लेअर नुसता गिरवायला ठेवा. त्याची अपारदर्शकता 40 टक्क्यांवर आणा, आणि कुठल्या पट्टीला कुठली शाई ते कॅमेऱ्यावर न सोडता अंतर बघून तुम्ही ठरवा. या चित्रात वाटणी अशी आहे: आभाळाचा वरचा भाग पिवळा, क्षितिजापाशी कोरा कागद. सर्वांत दूरची रांग निळसर, पण दाण्यांत, म्हणजे विरळ ठिपक्यांत. मधली रांग भरीव निळसर. जवळची रांग शेवाळी. डोंगर आणि पऱ्हाटी यांच्यातली वाळलेल्या गवताची पट्टी पिवळी. पऱ्हाटीची झाडं शेवाळी, तासांमधली काळी माती, धुरा आणि बाभूळ काळपट. बोंडं म्हणजे कोरा कागद.

यात डोंगरांच्या जवळच्या रांगेकडून दूरच्या रांगेकडे जाताना उजेड पायरीपायरीने वाढत जातो. फोटोतही तसंच असतं, पण तिथे पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. आपण त्या सुट्या करतो.

प्रत्येक शाईचा वेगळा लेअर

तळाशी कागदाच्या रंगाचा लेअर ठेवा. त्यावर तीन लेअर, प्रत्येक आपापल्या शाईने पूर्ण भरलेला, आणि प्रत्येकाचा मोड `Multiply`, म्हणजे एका शाईवर दुसरी चढली की रंग छपाईसारखाच गडद होतो. मग प्रत्येकाला `Layer > Mask > Add Layer Mask` मधून `Black (full transparency)` मास्क लावा. सगळं गायब होईल. आता मास्कवर जिथे पांढरं भराल तिथे ती शाई लागेल. हे मास्क म्हणजेच तुमचे तीन पत्रे.

डोंगराच्या कडा `Paths` साधनाने काढा, ब्रशने नको. बिंदू कमी ठेवा. डोंगराच्या एका रांगेला दहा-बारा बिंदू पुरतात. सातपुड्याच्या रांगा इथे सपाट माथ्याच्या आणि लांबलचक आहेत, मध्येच एखादा कडा तुटतो. तो तुटलेला कडा नीट पकडा आणि बाकीची कड सरळ ओढा. टोकदार शिखरं काढलीत तर हिमालय होईल आणि इथला माणूस एका नजरेत म्हणेल, हे आपलं नव्हे. जवळच्या रांगेसाठी तोच मार्ग `Path to Selection` करून निळसर आणि पिवळी या दोन्हींच्या मास्कवर पांढरा भरायचा, म्हणजे शेवाळी तयार.

दोन आकार एकमेकांना भिडतात तिथे फिकट शाई गडद शाईखाली चार-पाच पिक्सेल सरकवा. उदाहरणार्थ, गवताची पिवळी पट्टी पऱ्हाटीच्या काळपट मातीखाली थोडी शिरलेली हवी. नाहीतर दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फिकट रेघ राहते. पडद्यावर ती दिसत नाही, छापल्यावर हमखास दिसते. चित्र 200 टक्के मोठं करून कडेकडेने फिरा म्हणजे अशा रेघा सापडतील.

पऱ्हाटी, बोंडं आणि बाभूळ

या चित्रातला सर्वांत अवघड भाग पऱ्हाटीचा. फोटोत शेकडो बोंडं आहेत. सगळी घेतलीत तर वावरावर मीठ सांडल्यासारखं दिसतं, गाळून टाकलीत तर पऱ्हाटी आहे हेच कळत नाही.

आधी तासं घ्या. सगळी तासं क्षितिजाकडे एका बिंदूपाशी जुळत जातात. शेवाळी आणि काळपट पट्ट्या आळीपाळीने भरा, जवळ रुंद, दूर अरुंद, आणि शेवाळी पट्टीची वरची कड पानांसारखी थोडी खडबडीत ठेवा. मग बोंडं. जवळच्या दोन-तीन तासांत ती नीट आकाराने काढा. फुटलेल्या बोंडाला चार-पाच पाकळ्यांसारखे कापसाचे पुंजके असतात, त्यातला एखादा खाली लोंबतो. असे चार-पाच वेगवेगळे आकार काढून ते फिरवून, उलटे करून वापरा. जवळचं बोंड ए-3 वर साधारण 60 पिक्सेल, त्यामागचं 35, त्यामागचं 15. बोंड काढणं म्हणजे तिन्ही मास्कवर त्या जागी काळं भरणं, म्हणजे खालचा कागद उघडा पडतो. पांढरी शाई कुठेच लावायची नाही. जवळच्या बोंडाखाली काळपट शाईचा छोटा चंद्रकोरी तुकडा दिला की ते देठावर बसतं, हवेत तरंगत नाही.

चौथ्या-पाचव्या तासापुढे बोंड काढणं थांबवा. तिथे शेवाळी पट्टीच्या माथ्यावर कागदाची तुटक रेघ ओढा, आणि सर्वांत मागे ती रेघ अखंड करा. दूरवरचं फुटलेलं वावर डोळ्याला तसंच दिसतं. आणि बोंडं सगळीकडे सारखी पेरू नका. एका बाजूला वेचणी झालेली चार तासं कोरी शेवाळी सोडली तर वावर खरं वाटतं आणि नजरेलाही विसावा मिळतो.

बाभूळ एकाच काळपट आकारात काढा. खोड आणि दोन-तीन फांद्या घ्या, पानांचे चपटे, आडवे पुंजके घ्या, आणि पुंजक्यांमध्ये आभाळाची आठ-दहा छिद्रं सोडा. छिद्रं नसतील तर ती बाभूळ न वाटता आंब्यासारखी भरगच्च दिसते.

दाणा: कुठे, केवढा

जुन्या पोस्टरवर दाणा दिसतो तो एकतर दगडाच्या पोताचा असतो किंवा मुद्दाम उडवलेल्या शाईचा. रंग गडदापासून फिकटाकडे न्यायचा तर शाई तीच ठेवून ठिपके विरळ करत जायचे. म्हणजे दाणा शाईतच असतो, चित्रावरून टाकलेल्या चादरीत नसतो. फिल्टरचा दाणा खोटा वाटतो याचं कारण हेच. तो कागदावरही पडतो, अक्षरांवरही, आणि करड्या छटांत पडतो. खरा ठिपका असतो तरी किंवा नसतो तरी, मधली छटा नाही.

या चित्रात दाणा दोनच ठिकाणी आहे: पिवळ्या आभाळाच्या खालच्या भागात, जिथे ते कागदात उतरतं, आणि दूरच्या निळसर रांगेत. तो असा बनवा. नवीन चित्र उघडा, मूळच्या तिसऱ्या हिश्शाचं, 1170 × 1654. त्यात आभाळाच्या उताराप्रमाणे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ग्रेडियंट द्या. `Filters > Noise > RGB Noise` मध्ये `Independent RGB` ची खूण काढून थोडा नॉइज टाका. मग `Image > Mode > Indexed`, तिथे `Use black and white (1-bit) palette` आणि डिदरिंगमध्ये `Floyd-Steinberg (normal)`. ग्रेडियंट आता नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत आला. आधी टाकलेल्या नॉइजमुळे ठिपक्यांची एकसारखी नक्षी होत नाही. तो टाकला नाही तर आभाळात विणकाम दिसतं.

पुन्हा `Image > Mode > RGB` करा, आकार तिप्पट करा आणि `Interpolation` ला `None` द्या. शेवटी अगदी हलका `Gaussian Blur`, दीडच्या आसपास, आणि त्यावर `Colors > Threshold`. चौकोनी ठिपके गोलसर होतात. हे चित्र पिवळ्या शाईच्या मास्कमध्ये आभाळाच्या जागी चिकटवा. एक-दोन पिक्सेल जास्त भरतील ते कापले जातात. दूरच्या रांगेसाठी असंच, फक्त ग्रेडियंटऐवजी अर्धा करडा सपाट रंग घ्या.

तिप्पट का? 300 डीपीआयवर एक पिक्सेल म्हणजे मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढा. तेवढा ठिपका हातभर अंतरावरून दिसत नाही, नुसतं धुरकट वाटतं. तीन पिक्सेलचा ठिपका पाव मिलिमीटरचा होतो आणि कागदावर ठिपका म्हणून कळतो.

भरीव भागांतही अगदी थोडे कोरे ठिपके सोडता येतात, शाई नीट न बसल्यासारखे. निळसर मधल्या रांगेत तेवढे चालतील. काळपट शाईत नको, तिथे ते धुळीसारखे दिसतात.

नाव लिहिताना

इंग्रजी पोस्टरांत अक्षरं सुटी सुटी, लांब अंतराने लावलेली असतात. देवनागरीत हे करू नका. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘मेळघाट’चे चार तुकडे होतात. रुंदी हवी असेल तर अक्षर मोठं करा किंवा रुंद घडणीचा फॉन्ट घ्या. यात्रा वन हा फॉन्ट मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे, अशा पोस्टरला तो छान बसतो. साधा आणि ठळक हवा असेल तर मुक्ता घ्या. दोन्ही मोफत आहेत.

नाव काळपट शाईत, पिवळ्या आभाळावर, रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, त्यामुळे ओळीची जागा मोजताना शिरोरेषेपासून मोजा, आणि तिच्या वर मात्रा-वेलांटीसाठी अक्षराच्या उंचीच्या जवळजवळ निम्मी जागा सोडा. ‘मेळघाट’मधली मात्रा चौकटीच्या कडेला टेकली की सगळं घुसमटल्यासारखं दिसतं. शिरोरेषा ही स्वतःच एक जाड आडवी रेघ आहे आणि सातपुड्याचे माथेही आडवेच, म्हणून नाव आणि दूरची रांग यांच्यात निदान एका अक्षराएवढं मोकळं आभाळ हवं.

खाली, चौकटीच्या आत, ‘चिखलदऱ्याच्या वाटेवर’ अशी छोटी ओळ काळ्या मातीवर कागदाच्या रंगात सोडता येते. इथे फॉन्टची परीक्षा होते: ‘ऱ्य’ नीट जुळतो का ते मोठं करून बघा, काही फॉन्टांत त्याचा सरळ रफार होतो. मजकुराच्या साधनात `Language` मराठी ठेवा म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. कागदाच्या रंगाची बारीक अक्षरं छापताना भोवतीच्या शाईने आणखी बारीक होतात, म्हणून वजन एक पायरी जाड घ्या. अक्षरांवर दाणा अजिबात नको.

शेवटचा हात आणि छपाई

तिन्ही शाया अगदी तंतोतंत जुळल्या तर चित्र पडद्यावरचं वाटतं. निळसर लेअर मास्कसकट तीन पिक्सेल उजवीकडे आणि दोन खाली सरकवा. एकाच शाईला, एकाच दिशेने. दोन शाया सरकवल्या तर नजर दुखते. हा बदल कड्यापाशी बारीक पिवळ्या रेघेसारखा जाणवला तर पुरे झाला. आधी शाया एकमेकांखाली सरकवल्या होत्या त्याचा उपयोग इथेही होतो.

मग चित्र लहान करून अंगठ्याएवढं बघा. तीन रांगा, पऱ्हाटी आणि नाव एवढं ओळखू आलं पाहिजे. रांगा दोनच मोजता येत असतील तर दूरच्या रांगेचे ठिपके थोडे दाट करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत वेगळी बनवा. मोठं चित्र नुसतं लहान केलं की ठिपके करड्यात विरघळतात, आणि वर जेपीजी त्यांचा चिखल करतो. दाणा नसलेली प्रत 1080 पिक्सेल रुंदीला लहान करा आणि त्या आकारात दोन पिक्सेलचा दाणा नव्याने टाका.

तालुक्याच्या ठिकाणी डिजिटल प्रिंट काढलीत तर तुमच्या तीन शाया यंत्राच्या चार रंगांतूनच तयार होतील. तिथे पिवळी किंचित मंद पडते, म्हणून आधी ए-4 वर एक तुकडा काढून बघा. चकचकीत कागद नको, बिनचमकीचा जाड कागद मागा. पण लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारा स्क्रीन प्रिंटर जवळपास असेल तर त्याच्याकडे जा, कारण तुमचे तीन मास्क म्हणजे त्याच्या तीन फिल्म आधीच तयार आहेत. प्रत्येक मास्क उलटा करा, म्हणजे शाई लागायची जागा काळी होते, मग तो वेगळा काढा आणि चारही कोपऱ्यांत जुळवणीच्या फुल्या टाका. सरकवलेली शाई मात्र परत जागेवर आणा. हाताच्या छपाईत ती आपोआपच थोडी सरकते. त्याला दाणा दाखवा आणि त्याच्या जाळीवर एवढा ठिपका टिकतो का ते विचारा. टिकत नसेल तर दाणा तिप्पटऐवजी चौपट करून द्या. शाईत पारदर्शक बेस मिसळायला सांगा, नाहीतर पिवळीवर निळसर चढून शेवाळी होणार नाही, नुसती निळसर दिसेल. छापायचा क्रम पिवळी, निळसर, काळपट. पहिल्या दोन शाया चढल्या की जवळची रांग हिरवी झाली का ते एका कागदावर बघा आणि मगच पुढचे कागद चालवा.